एकच गणित, चाळीस आकडे

श्रोतेहो, आज कागद आणि पेन्सिल जवळ घेऊन बसलात तर बरं होईल. गणितं तोंडी करण्यासारखी आहेत, पण आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की मन त्याच्याशी भांडायला तयार होतं, आणि ते भांडणच मला आज हवं आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या वर्गाला गतीची गणितं येतात. सुरुवातीचा वेग अमुक, त्वरण तमुक, तर इतक्या सेकंदांत गाडी किती अंतर जाईल, अशी. पुस्तकात एक उदाहरण सोडवून दिलेलं असतं. मग स्वाध्यायात तशीच चार, आणि पाठीमागे उत्तरं. पुष्कळ वर्षं मीही हीच गणितं फळ्यावर घालत आलो. पहिल्या बाकावरची मुलगी उत्तर काढी, ते बाकावरून बाकावर सरकत शेवटच्या ओळीपर्यंत जाई, आणि दहा मिनिटांत चाळीस वह्यांत एकच उत्तर दिसे. कोणाला समजलं आणि कोणी उतरवलं हे मला कळण्याला काही मार्गच नव्हता.

म्हणून मी चिठ्ठ्या काढल्या. गणित एकच, पण हजेरी क्रमांकाप्रमाणे प्रत्येकाच्या चिठ्ठीवर आकडे वेगळे. हेतू एवढाच की शेजाऱ्याचं उत्तर उपयोगी पडू नये. पुढे जे झालं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

पहिली चिठ्ठी आगगाडीची होती. जलंबहून खामगावला जी शाखा जाते ती साधारण १३ किलोमीटरची. समजा, गाडी जाताना ताशी २६ किलोमीटरने गेली आणि येताना ताशी ३९ ने आली. हे वेग गणितासाठी मानलेले, वेळापत्रकात शोधू नका. तर जाण्यायेण्याची सरासरी चाल किती? वर्गातलं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. २६ आणि ३९ मिळून ६५, त्याचे निम्मे साडेबत्तीस. आता नीट पाहू. जायला लागला अर्धा तास, म्हणजे ३० मिनिटं. यायला २० मिनिटं. एकूण २६ किलोमीटर, एकूण ५० मिनिटं. म्हणजे ताशी ३१.२ किलोमीटर. साडेबत्तीस नव्हे. कारण सोपं आहे, पण उलगडून सांगावं लागतं. गाडी सावकाश वेगात जास्त वेळ राहिली, म्हणून सावकाश वेगाचं पारडं जड झालं. सरासरी वेळेवर घ्यायची असते, अंतरावर नाही.

मी चिठ्ठ्यांमध्ये अंतर बदललं होतं. कोणाला १३ किलोमीटर, कोणाला ३९, कोणाला ७८. दोन्ही वेग मात्र सर्वांना सारखेच ठेवले. मुलांनी उत्तरं वाचायला सुरुवात केली आणि सगळ्यांचं उत्तर ३१.२ आलं. वर्गात कुजबुज झाली. आकडे निराळे, मग उत्तर एकच कसं? ७८ किलोमीटरवाल्याने फळ्यावर येऊन दाखवलं. जायला तीन तास, यायला दोन, एकूण १५६ किलोमीटर पाच तासांत. तेच ३१.२. अंतर वर आणि खाली दोन्हीकडे येतं आणि कटून जातं. हे मी सूत्राने शिकवलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. चाळीस जणांची उत्तरं जुळली तेव्हा त्यांना ते खरं वाटलं.

तेवढ्यात एकाने विचारलं, येताना गाडी खूप पळवली तर सरासरी ताशी ५२ करता येईल का? जातानाच्या दुप्पट? हिशेब करा. सरासरी ५२ व्हायची तर २६ किलोमीटरची सगळी फेरी अर्ध्या तासात झाली पाहिजे. आणि तो अर्धा तास तर खामगावला पोहोचेपर्यंतच संपला! येताना गाडी कितीही धावली तरी ५२ ला पोहोचणं नाही. हा प्रश्न माझ्या चिठ्ठीवर नव्हता. तो मुलाचाच.

पुढच्या आठवड्यात मी बसची चिठ्ठी दिली, आणि तिथे माझीच फजिती झाली. गणित असं होतं. रस्त्याने बस जात आहे. चालकाने ब्रेक दाबला. बसचा वेग दर सेकंदाला सेकंदी ३ मीटरने कमी होतो, म्हणजे मंदन ३ आहे. तर ब्रेक दाबल्यापासून ४ सेकंदांत बस किती अंतर जाईल? सूत्र सर्वांना पाठ होतं: s = ut − ½at². यात u म्हणजे सुरुवातीचा वेग, a म्हणजे मंदन, t म्हणजे वेळ. सुरुवातीचा वेग मी प्रत्येकाला वेगळा दिला होता.

ज्याला सेकंदी १५ मीटर मिळाले होते, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, त्याचं गणित सरळ. १५ गुणिले ४ म्हणजे ६०. त्यातून वजा, ३ चे निम्मे गुणिले ४ चा वर्ग, म्हणजे २४. उत्तर ३६ मीटर. शाबास. मग खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला, चेहरा कावराबावरा. त्याच्या चिठ्ठीवर वेग होता सेकंदी ५ मीटर. म्हणाला, "सर, माही बस मांगं आली." वर्ग हसला. पण त्याचं गणित बिनचूक होतं. ५ गुणिले ४ म्हणजे २०, वजा २४, उत्तर उणे ४ मीटर. ब्रेक दाबल्यावर बस चार मीटर मागे! त्याच्या शेजारणीला ६ मिळाले होते. तिची बस चार सेकंदांत शून्य मीटर गेली होती.

चूक मुलांची नव्हती, आकडे निवडणाऱ्याची होती. सेकंदी ५ मीटरने जाणाऱ्या बसचा वेग दर सेकंदाला ३ ने कमी झाला, तर ती पावणेदोन सेकंदांच्या आतच थांबते. ती थांबल्यावर ब्रेकला करण्यासारखं काही उरत नाही. पण सूत्राला बस थांबल्याचं कळत नाही. ते पुढेही मंदन चालूच धरतं आणि बसला मागे ढकलायला लागतं. खरं उत्तर असं काढायचं. थांबेपर्यंतचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. ५ चा वर्ग २५, भागिले ६, म्हणजे ४.१७ मीटर. आणि ६ वालीचं ३६ भागिले ६, म्हणजे ६ मीटर.

इथपर्यंत गंमत झाली. पण खरी भीती पुढेच आहे. एका मुलाच्या चिठ्ठीवर सेकंदी १० मीटर होते. त्याने उत्तर काढलं होतं १६ मीटर, मी त्यावर बरोबरची खूण केली होती, आणि तो समाधानाने बसला होता. आता पाहा. १० ला ३ ने भागलं तर ३.३३. म्हणजे त्याचीही बस चार सेकंदांच्या आधीच थांबते. खरं उत्तर १०० भागिले ६, म्हणजे १६.६७ मीटर. पाऊण मीटरच्या आतला फरक. उणे चार म्हटल्यावर चूक ओरडून सांगते. सोळा म्हटल्यावर ती गप्प बसते, आणि मास्तरही फसतो. त्या दिवसापासून मुलांना एक सवय लावली. ब्रेकचं गणित आलं की आधी वेगाला मंदनाने भागायचं आणि गाडी कितव्या सेकंदाला थांबते ते पाहायचं. दिलेला वेळ त्याहून जास्त असेल तर सूत्रात तो वेळ घालायचाच नाही.

उणे उत्तर नेहमीच खोटं असतं असं मात्र नाही हं. विहिरीच्या कठड्यावरून दगड सरळ वर फेकला, सेकंदी ९.८ मीटर वेगाने. तीन सेकंदांनी तो कुठे असेल? २९.४ वजा ४४.१, म्हणजे उणे १४.७ मीटर. हे उणे खरं आहे. दगड कठड्याच्या पावणेपंधरा मीटर खाली आहे, विहीर तेवढी खोल असली तर. गुरुत्वाकर्षण दगड थांबल्यावरही ओढायचं सोडत नाही, ब्रेक सोडतो. सूत्र दोघांना एकच. फरक वस्तूच्या स्वभावात आहे, आणि तो सूत्रात लिहिलेला नसतो.

आकडे निवडायला बसल्यावर आणखी एक लबाडी सापडली. दोन हा आकडा फार फसवा आहे. स्थिर गाडी निघाली, त्वरण ३, दोन सेकंदांत किती अंतर? बरोबर रीतीने त्वरणाचे निम्मे गुणिले वेळेचा वर्ग, म्हणजे दीड गुणिले चार, उत्तर सहा. आता ज्याने निम्मे करायचं आणि वर्ग करायचं दोन्ही विसरून नुसतं तीन गुणिले दोन केलं, त्याचंही उत्तर सहा! चुकीच्या वाटेने आलेला मुलगा बरोबरच्या मुलाशेजारी उभा. म्हणून माझ्या चिठ्ठ्यांत वेळ दोन सेकंद कधी नसतो. तीन असतो, पाच असतो. पाच घेतला तर बरोबरवाला साडेसदतीस म्हणतो आणि विसरणारा पंधरा, आणि दोघे एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात.

चूक ओळखायची अशीच एक खूण ताशी किलोमीटर आणि सेकंदी मीटर यांच्या गोंधळात आहे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत १८००० मीटर, म्हणजे सेकंदी ५ मीटर. म्हणून १८ च्या पाढ्यातले वेग सोयीचे: ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०. पण जो रूपांतर करायचं विसरतो त्याचं थांबण्याचं अंतर जवळजवळ तेरापट येतं, कारण ३.६ चा वर्ग १२.९६ आहे. वही तपासताना उत्तर तेरापट दिसलं की मी बाकीचं वाचतही नाही. समासात १८ लिहून वही परत देतो.

आता ज्या चिठ्ठीसाठी हे सगळं सांगतो आहे ती. आपल्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजाच्या बाजूने, समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूपर्यंत पुरा झाला. मोटारींना त्यावर ताशी १२० ची मर्यादा आहे. मुलं त्या आकड्याविषयी फार आदराने बोलतात. म्हणून मी ठरवलं, आकड्याला बोलकं करायचं.

थांबायला लागणाऱ्या अंतराचे दोन तुकडे असतात. समोर काही दिसलं, ते मनाला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात वेळ जातो. तो आपण एक सेकंद धरू. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने चालूच असते. हा पहिला तुकडा. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत हा दुसरा. कोरड्या रस्त्यावर मंदन ५ धरलं तर ताशी ३६ ला १० आणि १० मिळून २० मीटर. ताशी ७२ ला २० आणि ४० मिळून ६० मीटर. वेग दुप्पट, पण अंतर तिप्पट. पहिला तुकडा दुप्पट झाला, दुसरा चौपट. ताशी १२० ला पहिला तुकडा ३३ मीटर, दुसरा १११, एकूण १४४. पावसात मंदन निम्मं झालं तर दुसरा तुकडा २२२ मीटर होतो आणि एकूण अडीचशेच्या वर जातो.

इथवर पुस्तकात असतं. मी चिठ्ठीवर पुढचा प्रश्न घातला. रस्त्यात ६० मीटरवर एक बैलगाडी आडवी उभी आहे. तुमचा वेग चिठ्ठीवर दिला आहे. ब्रेक तुम्ही वेळेवरच दाबला. तुम्ही थांबाल का? नसल्यास बैलगाडीवर आदळताना तुमचा वेग किती असेल?

७२ वाल्याची गाडी बरोबर बैलगाडीला टेकून थांबते. आता ९० वाल्याचं पाहू. त्याचा वेग सेकंदी २५ मीटर. पहिल्या सेकंदातच २५ मीटर गेले, उरले ३५. आता v² = u² − 2as. २५ चा वर्ग ६२५. दोन गुणिले पाच गुणिले ३५, म्हणजे ३५०. वजाबाकी २७५. त्याचं वर्गमूळ १६.६, म्हणजे ताशी ६० किलोमीटर!

मुलांचा विश्वास बसेना. वेग ७२ चा ९० झाला, म्हणजे अठरानेच वाढला. मग आदळतानाचा वेग फार तर अठरा असावा, अशी त्यांची अटकळ. मलाही लहानपणी असंच वाटलं असतं. पण ब्रेक वेग सारखा खात नाही, वेगाचा वर्ग सारखा खातो. प्रत्येक मीटरला वर्गातले दहा कमी होतात. गाडी वेगात असते तेव्हा ते मीटर चटकन निघून जातात आणि वेग थोडाच उतरतो. वेग खरा कोसळतो तो शेवटच्या काही मीटरांत, आणि नेमके तेच मीटर ९० वाल्यापाशी नसतात. ८० वाल्याने काढलं, आदळताना ताशी ३९. १०८ वाल्याने काढलं, ताशी ८८. त्याच्या ब्रेकने एवढ्या साठ मीटरांत फक्त वीस खाल्ले. फळ्यावर चारही आकडे ओळीने लिहिले, ७२, ८०, ९०, १०८, आणि त्यांच्याखाली शून्य, ३९, ६०, ८८. त्या तासाला घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

वर्गात एका मुलीचे वडील काळीपिवळी चालवतात, घाटाखालून घाटावर. तिने हे घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "ते तुमच्या पुस्तकातलं. माह्या गाडीचा ब्रेक मले ठाऊक आहे." दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, सर, मंदन ५ हे कोणाच्या गाडीचं? प्रश्न अगदी रास्त होता. ५ हा मी मानलेला आकडा. टायर गुळगुळीत, रस्त्यावर खडी, ब्रेक तापलेले, असं काहीही असलं तर तो घसरतो.

तेव्हा त्यांनी तो मोजला. सकाळी रिकाम्या मैदानात चुन्याची रेघ मारली. गाडी काट्यावर ३६ दाखवत आली की रेघेवर चाकं येताच ब्रेक. रेघ आधीपासून दिसत असल्यामुळे विचाराचा सेकंद यात धरायचा नाही. तीनदा केलं. तिन्ही वेळा अंतर थोडं थोडं वेगळं, पण दहा मीटरच्या आसपास. वेग सेकंदी १०, अंतर १०, म्हणून मंदन १०० भागिले २०, म्हणजे ५. वडील खूश. मग मुलीनेच सुचवलं की गाडीत सोयाबीनची पोती भरून बघू. तेव्हा रेघेपासून साडेबारा मीटर लागले. १०० भागिले २५, मंदन ४.

ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, सूत्रात वजन कुठेच नाही, मग पोत्यांनी फरक का पडला? याचं उत्तर असं. चाक आणि रस्ता यांमधलं घर्षण वजनाबरोबर वाढतं, म्हणून वजन कटून जातं. पण हे कुठवर? तेवढं घर्षण वापरून घेण्याची ताकद ब्रेकमध्ये आहे तोवर. गाडी फार भरली की ब्रेकच कमी पडतो, आणि मग मंदन उतरतं. काट्यावरचा वेगही अगदी काटेकोर नसतो, तेव्हा तिच्या ४ ला मी सव्वाचार किंवा पावणेचारही मानायला तयार होतो. पण पाच नक्कीच नव्हे.

मग तिने स्वतःच गणित घातलं. भरलेल्या गाडीत, मंदन ४ असताना, ६० मीटरच्या आत थांबायचं तर वेग जास्तीत जास्त किती? वेग अधिक वेगाचा वर्ग भागिले आठ, बरोबर साठ. हे वर्गसमीकरण दहावीत येतं, तिला सोडवता येत नव्हतं. पण चिठ्ठ्यांची सवय होती. तिने आकडे घालून पाहिले. २० घातले, ७० आले, जास्त झालं. १९ घातले, ६४ आले. १८ घातले, साडेअठ्ठावन. तेव्हा १८ वर थांबली. सेकंदी १८ म्हणजे ताशी ६५ ला जरा कमी.

तो आकडा तिने वडिलांना सांगितला. ते काही वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, साठ मीटर म्हणजे रस्त्यावर किती? तिने तेही पावलांनी मोजून ठेवलं होतं. घरापुढच्या विजेच्या दोन खांबांमध्ये चाळीस मीटर होते.

"दीड खांब, बाबा," ती म्हणाली.